कानाला कळतं, म्हणजे काय कळतं?

‘तुमच्या घराण्यात हे काम कधीपासून चालतं?’ हा प्रश्न मिरजेच्या सतारमेकर गल्लीत विचारायचा नाही, असं माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. उत्तर वाईट येतं म्हणून नव्हे. ते फार चांगलं येतं म्हणून.

शिकलगार हत्यारांना धार लावायचे, तलवारींचे दिवस सरले, संस्थानात येणाऱ्या गवयांची वाद्यं मोडायची आणि ती दुरुस्त करता करता एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या हातून इथे सतार घडली. मग दर्गा, अब्दुल करीम खाँसाहेब, उरुसातलं गाणं. गल्लीतला कुठलाही वयस्कर कारागीर ही हकिगत न अडखळता सांगतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर ती अधिकच घोटीव झाली आहे. ती खरी आहे, महत्त्वाची आहे आणि तिला आमच्या माहितीपटात जागाही आहे. पण ती सांगताना माणूस स्वतःच्या आठवणीत उतरत नाही. किती तरी पाहुण्यांना सांगितलेलं तो पुन्हा सांगतो. डोळे कॅमेऱ्यावर असतात आणि हात मांडीवर स्वस्थ पडलेले असतात. मला ते हात हवे असतात.

म्हणून ही हकिगत आम्ही पहिल्याच बैठकीत, कारागिराला हवा तितका वेळ, मध्ये न बोलता सांगू देतो आणि चित्रित करून ठेवतो. ती सांगून झाली की त्याच्याही मनावरचा एक भार उतरतो. आपलं मुख्य सांगून झालं, आता ही बाई काय विचारते ते बघू, असा मोकळेपणा येतो. खरी प्रश्नावली त्यानंतरच्या बैठकीसाठी असते.

ती लिहायला मी बसते तेव्हा समोर माणूस नसतो, तानपुरा असतो. वाद्य कसं बोलतं हे स्वतःला नीट समजलेलं नसेल तर उपप्रश्न सुचत नाहीत, आणि उपप्रश्न नसले तर मुलाखत पहिल्या उत्तराशीच थांबते. तानपुऱ्याच्या चार तारा भोपळ्यावरच्या तबलीवर बसवलेल्या घोडीवरून जातात. ही घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारेची नसते. तिचा माथा रुंद असतो, वरवर सपाट दिसतो, पण पुढच्या बाजूला अगदी किंचित उतरता असतो. छेडलेली तार या उतारावर एका बिंदूत टेकत नाही. ती हलताना त्याला हलकेच घासत राहते, तिचं टेकणं पुढे-मागे सरकत राहतं, आणि त्या स्पर्शातून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. तार आणि घोडी यांच्यामध्ये कारागीर एक सुती दोरा सरकवतो. तो केसभर पुढे-मागे केला की नाद उघडतो किंवा मिटतो. घोडीचा उतार आणि दोऱ्याची जागा, या दोन्हींच्या मेळाला जवारी म्हणतात.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा आणि वीणेवर एक छोटा निबंध लिहिला होता. साध्या तारेच्या नियमाने पाहिलं तर तार बरोबर मधोमध छेडली असता तिच्यातले काही वरचे स्वर उमटायलाच नकोत. तंबोऱ्यात मात्र असे स्वर स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचं कारण ही घोडी आहे, हे त्यांनी दाखवलं. हा निबंध मी कारागिरासमोर कधीच काढत नाही. पण तो वाचल्यापासून मला एक कळलं आहे: मिरजेतला म्हातारा कारागीर कानस चालवतो ती हाडाच्या एका तुकड्यावर, आणि घडवत असतो हवेतले ते वरचे स्वर. या दोन टोकांमध्ये काय चालतं, ते त्याच्या तोंडून आणि हातून बाहेर यावं, एवढ्यासाठी माझी सगळी प्रश्नावली.

पहिल्या मसुद्यात प्रश्न असतो तो सगळ्यांनाच सुचेल असा. जवारी लागली हे तुम्हाला कसं कळतं? त्याचं उत्तर मी विचारण्याआधीच सांगू शकते. ‘कानाला कळतं.’ साठ वर्षं काम केलेल्या माणसाचं हे उत्तर प्रामाणिक आहे. तो काही लपवत नाही. त्याला ते खरोखरच एका झटक्यात कळतं, पायऱ्या पायऱ्यांनी नाही, मग त्या पायऱ्या तो सांगणार कुठून? ‘कसं’ विचारलं की माणूस नियम शोधू लागतो, आणि नियम त्याच्याकडे वाक्यांच्या रूपात नसतात. वहीत मी अशा प्रत्येक ‘कसं’ आणि ‘का’ खाली रेघ मारते आणि तिथे दुसरे शब्द घालून बघते: कोणती, कुठे, किती, आत्ता, दाखवा.

मग तोच प्रश्न असा होतो. घोडी अर्धवट झालेली असताना, त्याच्या हातात कानस असतानाच विचारायचं, ‘चाचा, आत्ता लागली का?’

या माहितीपटासाठी ज्या वयस्कर कारागिरांकडे आम्ही बसलो, त्यांच्यातल्या एकाबरोबर हे कसं गेलं ते इथे लिहून ठेवते. त्यांचं नाव माहितीपटात असेल, इथे नको.

‘नाही अजून,’ चाचा म्हणाले.

‘कोणती तार राहिली?’

त्यांनी चारही छेडल्या. पंचम, जोडीच्या दोन, खर्ज. ‘ही जोडीतली पहिली. बोलते, पण लांब जात नाही.’

इथे नवख्या मुलाखतकाराला वाटतं की छान वाक्य मिळालं, आता पुढचा प्रश्न. पण खरं दार आत्ता उघडलेलं असतं. ‘लांब’ हे त्यांचं माप आहे, आणि ते मला त्यांच्याच हाताने मोजून हवं होतं. म्हणून मी म्हटलं, ‘किती लांब जायला पाहिजे, दाखवता?’ त्यांनी दुसरी जोड छेडली आणि तळहात हवेत धरला. नाद वर चढत गेला तसा हात हळूहळू पुढे सरकला आणि नाद विरला तिथे थांबला. मग पहिली छेडली. हात निम्म्यातच खाली आला. ‘बघा. इथं बसते ती.’ त्यांनी घोडीवर बोट ठेवलं, तारेच्या खाली, मागच्या कडेपासून जरा पुढे. ‘इथं उंच आहे.’

कानाला कळणं आणि हाडावरची एक जागा, यांच्यामधला सगळा रस्ता त्या दोन उत्तरांत आला होता. नाद लवकर बसतो म्हणजे उतारावर कुठे तरी उंचवटा आहे, तार त्याच्यावर अडते आणि पुढच्या भागाला घासतच नाही.

यानंतरचा उपप्रश्न मी आधीपासून लिहून ठेवलेला असतो, कारण तो ऐन वेळी सुचत नाही आणि कुठल्याही हस्तकलेला लागू पडतो. आणखी थोडं केलं असतं तर काय झालं असतं? चाचांनी तीन-चार वेळा कानस फिरवून हात थांबवला, तेव्हा मी विचारलं, ‘आणखी दोन हात फिरवले असते तर?’

‘उघडी पडली असती. नुसती झणझण. गाणाऱ्याच्या गळ्यावर येते ती.’

‘मग परत मिटवता येते?’

ते थोडं थांबले. ‘येते. पण मग चारी तारांखालची सगळी घोडी खाली घ्यायला लागते. तिचं आयुष्य कमी होतं.’

चूक केली तर काय मोडतं, हे कळलं की कारागिराच्या हाताचा सावधपणा प्रेक्षकाला दिसू लागतो. त्याआधी तो फक्त संथपणा वाटत असतो. आणि घोडीचं आयुष्य मुळातच मोजकं आहे. रोज वाजणाऱ्या तानपुऱ्याच्या तारा हळूहळू हाडात चर पाडतात, नाद मंदावतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. प्रत्येक वेळी थोडं हाड जातं. म्हणून ‘ही घोडी आतापर्यंत किती वेळा तुमच्याकडे आली?’ हाही एक चांगला प्रश्न ठरतो. त्याच्या मागोमाग गवयांची नावं येतात, त्यांच्या आवडी येतात. कुणाला उघडी जवारी लागायची, कुणाला बंद, कुणी काळी एकमध्ये गायचे आणि कुणाच्या पट्टीला तारा किती जाड घ्याव्या लागायच्या. आठवण सांगा असं म्हटलं असतं तर हे आलं नसतं.

या सगळ्यात ध्वनिमुद्रणाची एक अडचण आहे आणि ती प्रश्नावलीतच सोडवावी लागते. कानस चालू असताना माणूस बोलला तर त्याचे शब्द खरखरीत बुडतात. तो बोलण्यासाठी थांबला तर हात थांबतो आणि हाताबरोबर विचारही. आम्ही एक माइक चाचांच्या सदऱ्याला लावतो आणि दुसरा घोडीजवळ ठेवतो. तरीही मी प्रश्नांची वाटणी करते. काम चालू असताना फक्त एका-दोन शब्दांत उत्तर देता येईल असे प्रश्न: कोणती, कुठे, झाली का. लांब उत्तराचे प्रश्न ते तार छेडून ऐकत बसतात तेव्हासाठी. ती ऐकण्याची वेळ मात्र मी मोडत नाही. तार विरून गेल्यावरही काही क्षण बोलायचं नाही, असं वहीत समासात लिहिलेलं असतं, कारण पुष्कळदा तेव्हाच ते आपणहून बोलतात. पंखाही बंद ठेवावा लागतो. उन्हाळ्यात पंचाहत्तरीच्या माणसाला बिनपंख्याचं फार वेळ बसवणं योग्य नाही, म्हणून आमच्या बैठका सकाळच्या आणि आटोपशीर असतात. यादीतल्या कुठल्या प्रश्नांना कात्री लावायची ते यावरूनही ठरतं.

माहितीपटाच्या कामात एक रीत आहे: प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज नंतर काढून टाकायचा असतो, म्हणून उत्तर देणाऱ्याने प्रश्न उत्तरात गुंफून पूर्ण वाक्यात बोलावं. ‘माझं पहिलं वाद्य मी अमुक साली केलं,’ असं. तरुण माणसं हे सहज करतात. वृद्ध कारागिरांना हे सांगितलं की ते शाळेत उभं राहून उत्तर देणाऱ्या मुलासारखे ताठ होतात. आम्ही ठरवलं की माझा आवाज राहू द्यायचा. ‘किती लांब जायला पाहिजे?’ हा प्रश्न ऐकू आला नाही तर चाचांचा हवेतला हात अर्थहीन होतो.

शिकण्याबद्दलचे प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा पुन्हा लिहावे लागतात. ‘वडिलांकडून काय शिकलात?’ याला ‘बघून बघून शिकलो’ असं उत्तर येतं. त्याऐवजी मी वस्तूपासून सुरुवात करते. वडिलांनी पहिल्यांदा हातात काय दिलं? बहुधा ती घोडी नसतेच. पॉलिश घासणं, भोपळ्याच्या आतलं खरवडणं, सरस तापवणं. मग त्या वस्तूपासून पुढे सरकायचं. त्यानंतर काय? जवारीला हात लावायची परवानगी कधी मिळाली? ती देताना वडील शेजारी बसले होते की उठून गेले होते? हा शेवटचा प्रश्न मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. तो एका बैठकीतून मिळाला आणि आता प्रत्येक यादीत असतो. शिकवणारा शेजारी बसला की उठून गेला, यावर माणसं खूप वेळ बोलतात.

सालं मात्र विचारायची नाहीत. ऐंशीच्या घरातल्या माणसाला साल विचारलं की तो अंदाजाने काही तरी सांगतो आणि मग स्वतःच त्या आकड्यावर अडून बसतो. या भागात त्याला दोन भक्कम खुंट्या आहेत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आणि 1972 चा दुष्काळ. ‘पहिला तानपुरा स्वतः केलात तो भूकंपाच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की उत्तर क्षणात येतं, आणि त्याच्याबरोबर त्या पहाटे भिंतीवरची वाद्यं कशी वाजली तेही येतं. दुष्काळाचा प्रश्न भोपळ्याशी जोडला जातो. तानपुऱ्याचे मोठे कडू भोपळे पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून येतात, ते पिकलेच नाहीत तर वाद्याचं पोटच नाही. त्या वर्षी काय केलं, हा प्रश्न चाचांना मी विचारला तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या एका जुन्या भोपळ्याची सांधलेली चीर दाखवली.

काही प्रश्न मी लिहिते आणि त्यांच्यासमोर खूण करते: कॅमेरा बंद असताना. घोडी कशाची, हा त्यातला एक. पूर्वी हस्तिदंताच्या होत्या, सांबरशिंगाच्या होत्या. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या नंतरच्या दुरुस्त्यांमुळे हे दोन्ही बंद झालं, आणि आता उंटाचं हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. जुनं शिंग कसं बोलायचं आणि आजचं हाड कसं बोलतं, हा ज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा प्रश्न आहे. पण कॅमेऱ्यासमोर ‘तुमच्याकडे जुनं शिंग आहे का?’ असं निष्काळजीपणे विचारलं तर एका वृद्ध माणसाच्या तोंडून त्याला गोत्यात आणणारं वाक्य आपण काढून घेऊ शकतो. म्हणून तो प्रश्न कानाकडे वळवायचा. जुन्या घोडीच्या नादात जे होतं, त्यातलं नव्या हाडात काय आणता येतं आणि काय येत नाही? उत्तर तेच मिळतं आणि माणूस सुरक्षित राहतो.

आता ज्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त दिवस घालवले, त्याबद्दल. वयाबरोबर ऐकणं कमी होतं तेव्हा आधी वरचे स्वर जातात. खालचे बराच काळ टिकतात. जवारीचं सगळं सौंदर्य त्या वरच्या स्वरांत आहे. म्हणजे कारागिराचा अनुभव जेव्हा सर्वांत पिकलेला असतो, नेमक्या त्याच काळात त्याच्या कामाचा तो भाग त्याच्या कानांपासून दूर जात असतो. हे माहीत असूनही विचारायचं नाही, तर माहितीपट अपुरा राहतो. ‘आता नीट ऐकू येतं का?’ असं विचारायचं, तर घरच्यांसमोर आणि गिऱ्हाइकांसमोर एका उस्तादाच्या हातावर शंका घेतल्यासारखं होतं.

मी तो प्रश्न कानातून काढून कामात नेला. बैठक त्यांचा मुलगा दुकानात नसेल अशा वेळी ठेवली, कारण मुलगा असला की अवघड प्रश्नाचं उत्तर तोच देतो. आणि विचारलं, ‘चाचा, चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही काढलेली जवारी आणि आत्ताची, दोन्ही तुमच्याच हातच्या. काय फरक पडला?’

ते बराच वेळ तारांकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पोरगा म्हणतो, माझ्या हातची आता जास्त उघडी होते.’

हे ऐकताना मी मनात रामन यांच्या निबंधाशी ताडून बघत होते. वरचे स्वर कमी ऐकू येणारा माणूस ते ऐकू येईपर्यंत घोडी घासत जाणार, आणि दुसऱ्यांना ती जास्त उघडी वाटणार. अगदी असंच व्हायला हवं. पण हे मी बोलले नाही. उपप्रश्न तयार होता. ‘मग आता तुम्ही कुठे थांबता?’

‘मला वाटतं अजून थोडी पाहिजे, तिथंच थांबतो. शेवटचा हात त्याचा.’

यावर मी काही विचारलं नाही. पुढे यादीत तीन प्रश्न होते, ते त्या दिवशी तसेच राहिले. चहा झाल्यावर, माइक काढल्यावर, एवढंच विचारलं की हे माहितीपटात ठेवलं तर चालेल का. ते म्हणाले, आधी पोराला ऐकवा. ऐकवलं. मुलगा म्हणाला, ठेवा. आणि मग न विचारता एक गोष्ट सांगितली, जिच्यामुळे माझी पुढची यादी पूर्ण बदलली: वडील जिथे थांबतात, तिथून पुढे पुष्कळदा त्याला काही करावंच लागत नाही.

तानपुरे जोडीने घडवतात. सध्या त्या दुकानात एक जोडी तयार होत आहे, दोन्हींचे भोपळे एकाच खेपेतले, लाकूड एकाच फळीतलं, पट्टी एकच. पुढच्या बैठकीसाठी आम्ही बापलेकांना विचारून ठेवलं आहे की एका तानपुऱ्याची जवारी वडिलांनी थांबवली तिथेच राहू द्यायची आणि दुसऱ्यावर मुलाने शेवटचा हात फिरवायचा. मिरजेतली एक गायिका येऊन दोन्ही वाजवेल. कोणता कुणाचा, ते तिला सांगणार नाही. तिच्यासाठी वहीत एकच प्रश्न लिहिला आहे, ‘यातला कोणता घेऊन गायला बसाल?’ आणि खाली उपप्रश्न: कोणती तार? कुठे? दाखवता?